बेबीसिटरसाठी आणीबाणीच्या सूचना: मराठी कागदाचं इंग्रजी करताना चूक कुठे होते

बेबीसिटरसाठी घरच्यांनी तयार केलेले इंग्रजी कागद मी बरेच तपासले आहेत. त्यांत स्पेलिंग आणि व्याकरण बहुतेक ठीक असतं. गडबड त्याआधीच, मूळ मराठीत झालेली असते. घरच्या माणसाला सगळं माहीत असतं म्हणून मराठी वाक्य अर्धंच लिहिलं जातं, आणि भाषांतर करणारा ते अर्धं वाक्य इमानेइतबारे इंग्रजीत नेतो. वाचणाऱ्या बेबीसिटरला उरलेलं अर्धं कुठून कळणार?

उदाहरणासाठी एक कागद घेऊ. मुलगी चार वर्षांची आहे, तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि डॉक्टरांनी तिच्यासाठी ॲड्रेनॅलिनचं ऑटो-इंजेक्टर, म्हणजे मांडीवर दाबून द्यायचं तयार इंजेक्शन, दिलेलं आहे. आईने लिहिलंय:

"दाण्याची ॲलर्जी आहे, शक्यतो देऊ नये. अंगावर पित्त उठलं किंवा जीव घाबरा झाला तर इंजेक्शन द्यावं आणि आम्हाला फोन करावा. आत्याचा नंबर फ्रिजवर आहे. पावणेआठला दूध, साडेआठपर्यंत झोपवावं. रडली तर थोडा वेळ थांबून मग जावं. ताप वाटला तर दीड चमचा औषध."

मराठी माणसाला यात काहीच खटकणार नाही. पण हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर किमान आठ ठिकाणी अर्थ बदलतो. या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. तुमच्या कागदावर ते अर्थातच रोमन लिपीत लिहायचे.

## १. इंग्रजीला हात लावण्याआधीची तयारी

चार गोष्टी टेबलावर घ्या: डॉक्टरांनी लिहून दिलेला ॲलर्जीचा आराखडा, ऑटो-इंजेक्टरचा खोका, घरात असलेल्या औषधांच्या बाटल्या आणि तुमचा मराठी कागद. पहिल्या तीन गोष्टींवर इंग्रजी मजकूर असेल तर तो भाषांतरित करायचा नाही, उतरवून घ्यायचा. औषधाचं नाव, त्याची तीव्रता, इंजेक्टर वापरण्याच्या पायऱ्या हे सगळं छापलेलं आहे तसंच घ्या. खोक्यावरचा मजकूर बेबीसिटरच्या हातात असणारच आहे. तुमचे शब्द त्याहून वेगळे असले तर ऐन वेळी ती दोन्हींत ताळमेळ लावत बसेल.

डॉक्टरांचा लेखी आराखडा नसेल तर आधी तो मागून घ्या. कुठल्या लक्षणाला कोणतं औषध, हे भाषांतर करणाऱ्याने ठरवायचं नसतं.

आता मराठी कागदातल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. कोणी करायचं? नेमकं काय दिसल्यावर करायचं? आणि कशाच्या आधी किंवा नंतर? मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं, "दिलं तर चालेल" एवढंही पुरतं. इंग्रजीत आज्ञार्थ सोडला तर कर्ता घालावाच लागतो. आधी ठरवला नसेल, तर भाषांतर करताना तो अंदाजाने घातला जातो.

तपासा: मराठी कागदावर "शक्यतो", "थोडा वेळ", "जास्त वाटलं तर", "नेहमीचं" यांपैकी एकही शब्द उरला असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## २. ॲलर्जीचा भाग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पहिला शब्द "दाणे". घरात दाणे म्हणजे शेंगदाणे, पण इंग्रजीत लोक त्याचं "नट्स" करून मोकळे होतात. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कडधान्याच्या कुळातला आहे. बदाम, काजू, अक्रोड हे झाडावरचे नट्स, ही ॲलर्जीच्या भाषेत वेगळी यादी. काही मुलांना दोन्हींची ॲलर्जी असते, काहींना एकाचीच. म्हणून "पीनट" हा शब्द सुटा लिहा, आणि झाडावरच्या नट्सबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते वेगळ्या ओळीत. नुसतं "नट्स" लिहिलं तर एखादी बेबीसिटर बदामाची पाकिटं लपवेल आणि पीनट बटर मात्र समोर ठेवेल.

दुसरा शब्द "शक्यतो देऊ नये". मराठीत हे सौम्यपणे दिलेलं पक्कं बजावणं आहे. इंग्रजीत "इफ पॉसिबल, अव्हॉइड" झालं की त्याला पळवाट मिळते. "द्यावं", "करावं", "देऊ नये" या रूपांचं "शुड" केलं तर हुकुमाचा सल्ला होतो. आणीबाणीच्या ओळींत सरळ आज्ञार्थ वापरा: "डू नॉट गिव्ह एनी फूड विथ पीनट." आपल्याला हे उद्धट वाटतं, म्हणून प्रत्येक ओळीला "प्लीज" लावण्याचा मोह होतो. एक "प्लीज" कागदाच्या अगदी वर, "प्लीज रीड धिस बिफोर वी लीव्ह" अशा ओळीत लिहा. खाली कुठेही नको.

तिसरा शब्द "पित्त". हा मराठीतला सगळ्यात धोकादायक शब्द आहे, कारण पोटातल्या आंबटपणालाही आपण पित्त म्हणतो आणि अंगावर उठणाऱ्या गांध्यांनाही. शब्दकोशातून "बाइल" येतं, बोलण्यातून "ॲसिडिटी" येते, आणि दोन्ही चूक. इथे हवा तो शब्द "हाइव्ज". त्यापुढे "रेझ्ड, इची, रेड पॅचेस ऑन द स्किन" असं वर्णनही लिहा. गोऱ्या नसलेल्या त्वचेवर लाली नेहमी ठळक दिसतेच असं नाही, म्हणून फुगवटा आणि खाज हे दोन शब्द गाळू नका.

चौथा, "जीव घाबरा होणं". याला इंग्रजीत एक शब्द नाही आणि शोधायलाही जाऊ नये. "नर्व्हस" लिहिलं तर बेबीसिटर मुलीला कुशीत घेऊन गोष्ट सांगत बसेल. मी अशा वेळी आईला विचारतो, मागच्या वेळी तुम्हाला डोळ्यांनी काय दिसलं आणि कानांनी काय ऐकू आलं? उत्तर येतं: सारखा खोकला, आवाज बसलेला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, ओठ सुजलेले, मग अंग सैल पडलं. हीच यादी इंग्रजीत जाते. परक्या माणसाला तुमच्या भाषेतली अनुभूती कळत नाही, पण सुजलेला ओठ कळतो.

आता त्या वाक्यातला "किंवा". आईच्या वाक्यात अंगावरच्या गांध्या आणि श्वासाचा त्रास यांना एकच उपाय लिहिलाय. डॉक्टरांच्या आराखड्यात सहसा दोन पायऱ्या असतात. नुसती त्वचेवरची सौम्य लक्षणं असतील तर सांगितलेलं औषध द्यायचं आणि मुलावरून नजर हलवायची नाही. घसा, श्वास किंवा शुद्ध यांवर परिणाम दिसला तर लगेच ॲड्रेनॅलिन. तुमच्या मुलाचा आराखडा वेगळा असेल तर तोच खरा. पण इंग्रजी कागदावर या दोन पायऱ्या दोन वेगळ्या चौकटींत दिसल्या पाहिजेत, एका "ऑर"ने जोडलेल्या नकोत.

"इंजेक्शन" हा शब्दही बदला. तो वाचून सुई-सिरिंज डोळ्यांसमोर येते आणि "मला जमणार नाही" असं वाटतं. "ऑटो-इंजेक्टर" लिहा आणि पुढे खोक्यावरचं नाव. ज्याला बऱ्याच देशांत ॲड्रेनॅलिन म्हणतात त्यालाच अमेरिकेत एपिनेफ्रिन म्हणतात, म्हणून खोक्यावर जे आहे तेच. ते कुठे ठेवलंय हे "किचनमध्ये" असं न लिहिता कपाट, खण आणि पाउचचा रंग इतकं नेमकं लिहा.

शेवटचा मुद्दा "आणि". "इंजेक्शन द्यावं आणि आम्हाला फोन करावा" यात क्रम नाही, शिवाय आपत्कालीन सेवा गायब आहे. इंग्रजीत आकडे घालून उतरवलं की ते असं दिसतं:

१. यूज द ऑटो-इंजेक्टर ऑन द आउटर थाय. इट कॅन गो थ्रू क्लोद्ज.
२. कॉल द इमर्जन्सी नंबर. से "ॲनाफिलॅक्सिस".
३. ले हर डाउन. इफ शी कॅनॉट ब्रीद वेल, लेट हर सिट. डू नॉट लेट हर स्टँड ऑर वॉक.
४. देन कॉल अस.
५. इफ शी इज नॉट बेटर, गिव्ह द सेकंड ऑटो-इंजेक्टर ॲज द प्लॅन सेज.

दुसऱ्या ओळीतला "ॲनाफिलॅक्सिस" म्हणजे ॲलर्जीची जिवावर बेतू शकणारी प्रतिक्रिया. चौथ्या ओळीतला "देन" मुद्दाम आहे. बेबीसिटर आधी आई-वडिलांची परवानगी घ्यायला फोन करते आणि तेवढ्यात मिनिटं जातात, हे इतकं स्वाभाविक आहे की कागदावर वेगळी ओळ हवीच: "यू डू नॉट नीड टु आस्क अस फर्स्ट."

इंजेक्टर मांडीवर किती सेकंद दाबून धरायचं हे प्रत्येक बनावटीत सारखं नसतं. तो आकडा तुमच्या खोक्यावरून उतरवा, नेटवर वाचलेला नको.

सावधान: ॲलर्जीवरच्या साध्या औषधाची ओळ इंजेक्टरच्या चौकटीत लिहू नका. घाईत वाचणारा पहिलं सोपं औषध देतो आणि परिणामाची वाट पाहतो. गंभीर प्रतिक्रियेत ते औषध ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाही.

## ३. मुलाचे शब्द: ही उलटी यादी बहुतेक जण विसरतात

आपण आपल्या सूचना इंग्रजीत नेतो, पण घाबरलेलं मूल मराठीतच बोलतं. एरवी फाडफाड इंग्रजी बोलणारं मूलही दुखलं की घरच्या भाषेत रडतं. ॲलर्जीची पहिली खबर बरेचदा मुलाच्याच तोंडून येते, आणि ती समजली नाही तर हातची मिनिटं जातात.

म्हणून कागदावर एक लहानशी यादी करा. डावीकडे मुलाचा शब्द रोमन लिपीत, जसा ऐकू येतो तसा, आणि उजवीकडे त्याचा अर्थ. "खाजतंय" म्हणजे अंग खाजतंय. "टोचतंय" हे जिभेबद्दल किंवा घशाबद्दल असेल तर खाल्लेल्या पदार्थाचा संशय घ्या. "कसंतरी होतंय" याचा शब्दशः अर्थ काहीच नाही, पण बेबीसिटरला सांगायला हवं की हे ऐकलं की थांबून तोंड, त्वचा आणि श्वास बघ. "दुखतंय", "उलटी", "शू" हेही घाला. आठ-दहा शब्दांच्या पुढे जाऊ नका.

ही यादी तुम्ही आठवून लिहू नका, मुलाला विचारा. माझ्या मुलाच्या कागदावर मी "घसा" लिहिला होता. तो मात्र गळ्याला, मानेला आणि छातीला मिळून "इथे" म्हणतो, हे त्याच्याशी बोलल्यावरच कळलं. मग शब्दाऐवजी लिहिलं की तो हात ठेवून दाखवेल.

## ४. फोन आणि पत्ता

"आत्या" म्हणजे कोण हे इंग्रजी "ऑंट"मधून कळत नाही, कारण मावशी, काकू, मामी आणि शेजारच्या काकूही त्याच शब्दात बसतात. नातं हा इथला खरा मुद्दाही नाही. बेबीसिटरला तीन गोष्टी हव्या असतात: फोनवर कोणत्या नावाने हाक मारायची, ती किती वेळात घरी पोहोचू शकते, आणि तिला मुलाबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार आहे का. म्हणून ओळ अशी करा: नाव, मग "फादर्स सिस्टर", मग "मुलगी हिला आत्या म्हणते", मग नंबर, मग "टेन मिनिट्स अवे". दहा मिनिटं हा अर्थातच माझा नमुना आहे, तुमचा खरा वेळ लिहा.

"आई" आणि "बाबा" हे शब्द इंग्रजीत "मॉम", "डॅड" होतात, पण घरात आजीलाही आई म्हणत असाल तर मूल "आईला बोलव" म्हणेल आणि फोन भलतीकडे जाईल. असं असेल तर नोंद करा.

आकड्यांचा सापळा वेगळाच आहे. हाताने लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी वाचणाऱ्याला नऊसारखा दिसतो आणि ४ हा आठसारखा. फ्रिजवरचा आजीने लिहिलेला नंबर त्यामुळे चुकीचा लागू शकतो. सगळे नंबर इंग्रजी आकड्यांत पुन्हा लिहा, परदेशातला असेल तर देशाचा कोडही घाला, आणि लिहून झाल्यावर कागदावरून बघून प्रत्येक नंबर एकदा स्वतः लावा. फोनमधल्या यादीतून लावलेला नंबर हा तपास नव्हे.

आपत्कालीन नंबर देशागणिक बदलतो. भारतात आणि युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२. तुम्ही जिथे राहता तो एकच नंबर लिहा. त्याखाली पत्ता, पण पाकिटावर लिहितो तसा नव्हे. फोनवर वाचायचा पत्ता पूर्ण वाक्यात असतो: "वी आर ॲट", मग इमारत, रस्ता, मजला, दाराचा कोड. पुढचं वाक्यही तयार ठेवा: "अ फोर-इयर-ओल्ड गर्ल विथ पीनट ॲलर्जी इज हॅविंग ॲनाफिलॅक्सिस." ज्याला धाप लागलीय त्याच्याशेजारी बसून वाक्यं जुळवणं कुणालाच जमत नाही.

## ५. झोपेचे नियम

"पावणेआठ" चे तोंडी भाषांतर करताना आठला पंधरा मिनिटं कमी हे गणित घाईत उलटं होतं आणि सव्वाआठ लिहिलं जातं. "साडे" आणि "सव्वा" यांचंही तेच. शब्दांत वेळ लिहूच नका, ७:४५ पीएम असं घड्याळ लिहा.

"साडेआठपर्यंत झोपवावं" यात दोन गाठी आहेत. "पर्यंत"चं इंग्रजीत कधी "बाय" होतं, कधी "अंटिल". "अंटिल ८:३०" लिहिलं तर साडेआठला उठवायचं असा अर्थ निघू शकतो. आणि "झोपवणं" म्हणजे गादीवर नेणं की डोळे मिटेपर्यंत सोबत राहणं? दोन्ही वेगळ्या ओळी करा: "इन बेड बाय ८:१५ पीएम. स्टे इन द रूम अंटिल शी इज अस्लीप."

"रडली तर थोडा वेळ थांबून मग जावं" हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात "जावं" म्हणजे तिच्याकडे जावं. "वेट, देन गो" वाचून एखादी चोख बेबीसिटर खोलीबाहेर निघून जाईल. "वेट फाइव्ह मिनिट्स, देन गो इन टु हर" असं दिशा आणि वेळ दोन्ही देऊन लिहा.

पण खरी अडचण पुढे आहे. झोपेचा नियम सांगतो थांब, ॲलर्जीचा नियम सांगतो लगेच बघ. मूल रडतंय ते झोपेसाठी की घसा आवळतोय म्हणून, हे दाराबाहेरून कळत नाही. म्हणून झोपेच्या भागातली पहिली ओळ अपवादाची ठेवा: खोकला, उलटी, श्वासाचा आवाज, खाज किंवा "कसंतरी होतंय" ऐकू आलं तर पाच मिनिटांचा नियम रद्द, लगेच आत जा. आणि संशयास्पद काही खाल्लेलं असेल तर ठरलेल्या वेळी झोपवू नका, कारण अंग सैल पडणं हेही गंभीर लक्षण असू शकतं.

घरात एक वर्षाखालचं बाळ असेल तर "उताणं" आणि "पालथं" यांचं भाषांतर दोनदा तपासा. बाळाला पाठीवर, म्हणजे "ऑन हिज बॅक" झोपवायचं असतं, सपाट टणक गादीवर, उशी आणि सुटं पांघरूण न घालता.

## ६. औषधाची ओळ

"ताप वाटला तर दीड चमचा" या ओळीत तापाला आकडा नाही, औषधाला नाव नाही आणि चमच्याला माप नाही. लहान चमचा साधारण ५ मिलिलीटरचा, मोठा १५ चा. दीड चमचा म्हणजे साडेसात की साडेबावीस? मात्रा नेहमी मिलिलीटरमध्ये लिहा आणि मोजायची सिरिंज बाटलीला रबराने बांधून ठेवा. किती द्यायचं हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून, कारण ते वजनावर आणि बाटलीतल्या तीव्रतेवर ठरतं.

नावातही फसगत होते. पॅरासिटामॉल आणि अमेरिकेतलं ॲसिटामिनोफेन हे एकच औषध आहे. दोन बाटल्यांवर दोन नावं बघून बेबीसिटर दोन्ही देऊ शकते. कागदावर एकच बाटली ठेवा आणि शेवटचा डोस किती वाजता दिला हे लिहायला जागा सोडा. ताप "वाटणं" काढून टाका, थर्मामीटरचा आकडा आणि एकक लिहा. ३८ सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट, त्यामुळे नुसता आकडा पुरत नाही.

## ७. कागद लावणे आणि तपासणे

मराठी कागदाचा क्रम बरेचदा दिवसाच्या क्रमाने असतो: आधी दूध, मग झोप, शेवटी काही झालं तर. इंग्रजी कागदावर हे उलटं करा. सगळ्यात वर आपत्कालीन नंबर आणि पत्ता, मग ॲलर्जीच्या दोन चौकटी, मग मुलाचे शब्द, मग इतर फोन. झोप आणि औषध पाठीमागच्या बाजूला गेले तरी चालेल.

आता दोन तपासण्या. पहिली, मूळ मराठी न पाहिलेल्या कुणाला तरी इंग्रजी कागद देऊन तो मराठीत मोठ्याने सांगायला लावा. जिथे तो अडखळेल किंवा "म्हणजे असं असेल" म्हणेल, ती ओळ पुन्हा लिहा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त ओळी याच वेळी बदलतात.

दुसरी तपासणी बेबीसिटरबरोबर, निघायच्या अर्धा तास आधी. "समजलं ना?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी प्रसंग द्या: तिच्या गालावर गांध्या आल्या आणि ती खोकायला लागली, पहिली गोष्ट कोणती? तिने उठून बरोबर खणातून बरोबर रंगाचं पाउच काढलं पाहिजे. सरावाचं इंजेक्टर मिळालं असेल तर तेही एकदा हातात द्या. ती आधी तुम्हाला फोन करेन म्हणाली, तर कागदावरची चौथी ओळ पुरेशी ठळक नाही.

कागदाच्या कोपऱ्यात तारीख लिहा, महिना अक्षरांत, कारण ४/५ म्हणजे काही देशांत चार मे आणि काही देशांत पाच एप्रिल. तारखेखाली इंजेक्टरची मुदत कधी संपते तेही. नवा कागद लावला की फ्रिजवरचा जुना मराठी कागद काढून टाका, नाहीतर आत्याचा नंबर तिथूनच वाचला जाईल.